तीन मार्क कुठे गेले? (मूळ संख्यांचा गुणाकार आणि स्ट्राँग इंडक्शन)

त्रिमूर्तीनगरची_ताई
नमस्कार मंडळी. गणिताच्या विभागात पहिल्यांदाच लिहून राहिले, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा इंटर्नलचा पेपर हातात आला. पाच मार्कांचा प्रश्न होता: १ पेक्षा मोठी प्रत्येक पूर्णांक संख्या मूळ संख्यांचा गुणाकार म्हणून लिहिता येते हे सिद्ध करा. तिला पाचापैकी दोन मिळाले. कालपासून घरात कूलरपेक्षा तीच जास्त आवाज करते आहे. तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवते:

"n = २ साठी विधान खरं, कारण २ ही स्वतःच मूळ संख्या आहे. समजा k ही संख्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे. आता k + १ घेऊ. ती मूळ असेल तर प्रश्नच नाही. मूळ नसेल तर k + १ = a × b, आणि a, b दोन्ही k + १ पेक्षा लहान. म्हणून गृहीतकानुसार a आणि b हे मूळ संख्यांचे गुणाकार आहेत. म्हणून k + १ पण आहे. सिद्ध झालं."

सरांनी "गृहीतकानुसार" या शब्दाभोवती लाल गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय: "k बद्दल धरलंत. a, b बद्दल कधी धरलं?"

लेक म्हणते की वाक्यं सगळी बरोबर आहेत, निष्कर्ष बरोबर आहे, मग तीन मार्क कशाचे गेले? मी आयुष्यभर हिशेब लिहिले, मला वाचून सगळं पटलं. पण लाल गोल पण पटला. कोणी नीट सांगेल का?

काटोलचा_बागवाला
ताई, मले हा प्रश्न रोजचा आहे. संत्र्याची पेटी भरतो तेव्हा थरात ओळी बरोबर बसल्या पाहिजेत. १२० संत्री असली तर १२ बाय १० बसते, ९१ असली तर १३ बाय ७ बसते. पण ११३ आले का काहीच बसत नाही. मग संख्या मूळ आहे का नाही हे पटकन ओळखाची काही युक्ती सांगा ना बाप्पा. पोरीलेही तेच पाहिजे असन.

हिंगणा_एमआयडीसी
काका, प्रश्न तो नाहीये. संख्या मूळ आहे की नाही हे ओळखायचं नाही, "प्रत्येक संख्या फोडता येते" हे सिद्ध करायचं आहे.

ताई, मी इंजिनियर आहे आणि इंडक्शन मला पक्कं आठवतं: सुरुवातीची संख्या हाताने तपासायची, ती बेस केस, आणि मग मागच्यावरून पुढची सिद्ध करत जायचं. चूक बेस केसमध्ये आहे. स्ट्राँग इंडक्शनला एक बेस केस पुरत नाही, निदान दोन-तीन तपासाव्या लागतात. आम्हाला एक गणित होतं: फक्त ३ आणि ५ रुपयांची नाणी असतील तर ८ आणि त्यापुढची प्रत्येक रक्कम देता येते. त्यात ८, ९, १० तिन्ही आधी तपासायचे, मगच पुढे जायचं. मुलीने फक्त २ तपासला. ३ आणि ४ राहिले. तीन मार्क त्याचेच.

जुना_खडू
एमआयडीसी, तुमचं नाण्यांचं गणित बरोबर आहे, इथलं निदान चुकीचं आहे. नाण्यांच्या गणितात आपण नेमके तीन घरं मागे जातो: ११ द्यायचे तर ८ चं उत्तर घ्या आणि वर ३ चं नाणं ठेवा. १० वर उभं राहून तीन घरं मागे गेलात तर ७ वर पडता, आणि ७ देता येत नाही. म्हणून ८, ९, १० हाताने तपासावे लागतात. इथे मागे किती जायचं हे ठरलेलंच नाही, आणि मागे गेल्यावर २ च्या खाली आपण कधी पडत नाही. ते मी पुढे दाखवतो.

ताई, तुमच्या मुलीचं उत्तर मी तीसेक वर्षं तपासलं आहे. तिचं म्हणजे तिच्यासारख्यांचं. दर वर्षी अर्धा वर्ग हेच लिहितो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमचा शंकरनगरचा पिनकोड घ्या, ४४००१०. तो फोडून बघा. शेवटी शून्य आहे म्हणजे १० गेले, उरले ४४००१. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो, उरले ४८८९. ही मूळ संख्या आहे. ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा, एकानेही जात नाही, आणि पुढची मूळ संख्या ७१, तिचा वर्ग ५०४१ म्हणजे ४८८९ च्या पलीकडे गेला. म्हणून:

४४००१० = २ × ३ × ३ × ५ × ४८८९

आता मुलीच्या पद्धतीने k = ४४००१० धरू. हे फोडलेलं आपल्या हातात आहे. प्रश्न असा की यावरून ४४००११ बद्दल काय कळतं?

काहीही नाही. "थोडं कळतं" असंही नाही. लागोपाठच्या दोन संख्यांना एकही मूळ संख्या सामाईक असू शकत नाही, कारण जी दोघींना भागेल ती त्यांच्यातल्या फरकालाही भागेल, आणि फरक आहे १. म्हणजे वर लिहिलेल्या २, ३, ५, ४८८९ यांपैकी एकही ४४००११ मध्ये येणार नाही याची खात्री. शेजाऱ्याच्या घरात शोधलेली एकही वस्तू आपल्या कामाची नाही.

मग ४४००११ चं काय? ते ११ × ४०००१ आहे. आता आपल्याला कोणाची माहिती हवी? ११ ची आणि ४०००१ ची. ४४००१० ची नव्हे. मुलीने गृहीत धरलं ४४००१० बद्दल, आणि वापरलं ११ आणि ४०००१ बद्दल. लाल गोल बरोबर त्या जागी आहे.

त्रिमूर्तीनगरची_ताई
सर, हे माझ्या डोक्यात असं बसलं. एक लांबलचक खातेवही आहे. दर पानावर एक संख्या आणि तिचा हिशेब. लेकीने वहीचं फक्त शेवटचं पान उघडं ठेवलं आणि पुढचं पान लिहिताना म्हणाली, "पान ११ वर लिहिल्याप्रमाणे." पण पान ११ तिने उघडलेलंच नव्हतं. आमच्याकडे असं व्हाउचर आलं तर मी पण परत पाठवते, रक्कम बरोबर असली तरी.

जुना_खडू
यापेक्षा चांगलं मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. हे आता चोरतो.

स्ट्राँग इंडक्शन म्हणजे एवढंच: पान k + १ लिहिताना २ पासून k पर्यंतची सगळी पानं उघडी ठेवायची. मुलीच्या उत्तरात एक वाक्य बदला. "समजा k ही संख्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे" याऐवजी "समजा २ पासून k पर्यंतची प्रत्येक संख्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे." बाकी ओळी जवळपास तशाच राहतात.

आता यातली मजेची गोष्ट. k + १ संयुक्त असेल तर a आणि b दोन्ही कमीत कमी २ असतात. म्हणून दोन्ही जास्तीत जास्त k + १ च्या निम्मे असू शकतात, त्यापेक्षा मोठे नाहीत. ४४००११ पर्यंत आलात तर तुम्हाला लागणारं पान दोन लाख वीस हजारांच्या अलीकडेच कुठेतरी आहे. त्यापुढची सगळी पानं, शेजारचं ४४००१० धरून, उघडी असली काय नि बंद असली काय. म्हणजे मुलीने जी एकमेव गोष्ट गृहीत धरली, तीच या सिद्धतेत कधीही लागत नाही. २ पासून निम्म्यापर्यंतच्या सगळ्या लागू शकतात, फक्त k कधीच नाही. मला या सिद्धतेत सगळ्यात आवडतं ते हे.

सीताबर्डी_कोडर
खडू सर, हे वाचून माझी जुनी जखम उघडी पडली. पहिल्या नोकरीत इंटरव्ह्यूला हेच विचारलं होतं, संख्या फोडणारं फंक्शन लिहा म्हणून. मी हे लिहिलं:

```python
def avayav(n):
    for d in range(1, n):
        if n % d == 0:
            return avayav(d) + avayav(n // d)
    return [n]
```

`avayav(6)` चालवलं आणि स्क्रीनवर `RecursionError: maximum recursion depth exceeded`. घाम फुटला. समोरचे दोघं चहा पीत बसले होते, एक शब्द बोलले नाहीत.

चूक एका अंकात होती. `range(1, n)` च्या जागी `range(2, n)` हवं. १ पासून सुरू केलं की पहिलाच d = १ सापडतो, आणि ६ चे "भाग" होतात १ आणि ६. मग परत ६ फोडायला जातो, परत १ आणि ६ मिळतात. ६ लहान होतच नाही.

दुरुस्त केल्यावर `avayav(440011)` ने `[11, 13, 17, 181]` दिलं. आत्ताच परत चालवून पाहिलं.

जुना_खडू
कोडर, ही जखम दाखवलीत ते फार बरं झालं, कारण मुलीच्या उत्तरात दुसरी फट नेमकी हीच आहे आणि परीक्षकाने ती सोडून दिलेली दिसते. ती लिहिते, "k + १ = a × b, आणि a, b दोन्ही k + १ पेक्षा लहान." हे लहान का? सांगितलेलं नाही. ६ = १ × ६ हाही गुणाकारच आहे. "मूळ नाही" याचा अर्थ असा की १ आणि स्वतः सोडून आणखी एक भाजक आहे. तो a. म्हणून १ < a < k + १. मग b = (k + १) ÷ a. a एकपेक्षा मोठा म्हणून b हा k + १ पेक्षा लहान, आणि a हा k + १ पेक्षा लहान म्हणून b एकपेक्षा मोठा. दोन्ही बाजू लागतात. वरची बाजू नसली तर फोडणं संपत नाही. खालची नसली तर आपण पान १ वर जाऊन पडतो, आणि ते पान वहीत नाहीच. एमआयडीसींना मघाशी म्हटलं होतं की २ च्या खाली पडत नाही, ते या खालच्या बाजूमुळे.

तुमच्या ४४००११ चा प्रवास पूर्ण लिहितो म्हणजे दिसेल. ४४००११ = ११ × ४०००१. ११ मूळ, तिथे थांबलो. ४०००१ = १३ × ३०७७. १३ मूळ. ३०७७ = १७ × १८१, दोन्ही मूळ. चार जागी थांबलो. प्रत्येक पायरीला संख्या लहान होत गेली पण १ पर्यंत कधी आली नाही. घटत जाणाऱ्या पूर्णांकांची रांग कायम चालू शकत नाही, सगळी सिद्धता या एका खुंटीवर टांगलेली आहे.

हिंगणा_एमआयडीसी
बरं, बेस केसचं मी मागे घेतो. पण एक शंका राहिलीच. ३ कुठे तपासला? ५ कुठे तपासला? २ वरून ३ कसा मिळाला? ३ चे तर भागच पडत नाहीत, मग मागची कुठली पानं वापरली?

गणितवेडी_अजनी
कुठलीच नाही. ३ आला की "k + १ मूळ असेल तर प्रश्नच नाही" ही ओळ लागू होते आणि गृहीतकाला हात न लावता काम होतं. ५ ला तसंच, १८१ ला तसंच, ४८८९ ला तसंच. एका अर्थाने प्रत्येक मूळ संख्या हा बेस केसच आहे. इंडक्शन फक्त संयुक्त संख्यांसाठी लागतं.

पुढे जाऊन म्हणेन की २ साठी वेगळी ओळसुद्धा लागत नाही. मांडणी अशी करा: "n ही २ किंवा त्याहून मोठी कोणतीही संख्या, २ पासून n च्या आधीपर्यंत सगळ्यांसाठी विधान खरं आहे असं धरा, आता n साठी सिद्ध करा." n = २ घेतला तर आधी कोणीच नाही, गृहीतक रिकामं, पण २ मूळ आहे म्हणून सिद्धता त्याच ओळीने पुढे जाते.

जुना_खडू
तर्काने बरोबर. पण पहिल्या वर्षाच्या मुलीने ती ओळ गाळली तर परीक्षक "बेस केस नाही" म्हणून एक मार्क कापेल, आणि मी परीक्षक असतो तर मीही कापला असता. रिकाम्या गृहीतकावर कुठली सिद्धता चालते आणि कुठली कोसळते हे त्या वयात हात लावून बघितलेलं नसतं.

गणितवेडी_अजनी
सर, म्हणजे बरोबर लिहिलेल्याचे मार्क कापणार? जी ओळ लागत नाही ती लिहायला लावून आपण त्यांना हेच शिकवतो की इंडक्शन म्हणजे फॉर्म भरणं. मग ते "बेस केस, गृहीतक, पायरी" असे तीन रकाने भरतात, आणि ताईंच्या मुलीसारखं भलतंच गृहीतक दुसऱ्या रकान्यात बसवतात.

जुना_खडू
मूळ नसलेल्या संख्येने सुरू होणारं विधान असेल तेव्हा बोलू. तोवर २ ची ओळ लिहायची. आठ शब्द लागतात.

वर्धा_रोड_प्रवासी
मी सगळं वाचलं नाही, पण यावरून हेही सिद्ध होतं ना की संख्या एकाच प्रकारे फुटते? शाळेत तर एकत्रच शिकवलं होतं. कोडरभाऊंच्या प्रोग्रॅमला पण एकच उत्तर येतं.

गणितवेडी_अजनी
नाही, आणि ही गल्लत फार सर्रास होते. प्रोग्रॅमला एकच उत्तर येतं कारण तो नेहमी सगळ्यात लहान भाजकापासून सुरू करतो. दुसऱ्या कुणी ४४००११ आधी १४३ × ३०७७ असं फोडलं असतं तरी शेवटी तेच चार आले असते का? आले असते, पण ते वरच्या सिद्धतेवरून कळत नाही.

कसं कळत नाही ते दाखवते. समजा जगात फक्त अशाच संख्या आहेत ज्यांना ४ ने भागल्यावर १ उरतो: १, ५, ९, १३, १७, २१, २५ अशा. यातल्या दोघींचा गुणाकार यातच येतो. हिल्बर्टच्या नावाने ओळखल्या जातात या. आता या जगात "मूळ" कोण? जी याच जगातल्या, १ सोडून, दोन संख्यांत फुटत नाही ती. मग ९ इथे मूळ आहे, कारण ३ या जगात राहतच नाही. २१ मूळ, कारण ३ आणि ७ दोघंही बाहेरचे. ४९ पण मूळ.

खडू सरांची सिद्धता इथे एक अक्षर न बदलता चालते. संख्या "मूळ" नसेल तर a × b, दोन्ही लहान, दोन्ही याच जगातले, मागची पानं उघडी. प्रत्येक संख्या या जगातल्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे, शंभर टक्के सिद्ध. पण ४४१ बघा:

४४१ = २१ × २१ = ९ × ४९

दोन वेगळे गुणाकार, चारही जागी या जगातल्या मूळ संख्या. सिद्धता दोन्ही जगांत तीच, आणि एका जगात फोड एकमेव नाही. म्हणजे "एकमेव" हे तिच्यातून निघूच शकत नाही. त्यासाठी वेगळी गोष्ट लागते: मूळ संख्या एखाद्या गुणाकाराला भागत असेल तर ती त्यातल्या एकाला तरी भागतेच. इथे ९ हा २१ × २१ ला भागतो, पण २१ ला भागत नाही. तिथेच मोडलं.

वर्धा_रोड_प्रवासी
४४१ दोनदा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. डोकं गरगरलं. तर्री पोहे खाऊन येतो.

सीताबर्डी_कोडर
अजनीताई, ४४१ झकास. मी फंक्शन त्या जगासाठी बदललं, d फक्त ५, ९, १३ असे घेऊन. त्याने `[9, 49]` दिलं. २१ × २१ त्याला कधी दिसणारच नाही. प्रोग्रॅमला एकच उत्तर आलं म्हणून दुसरं नाहीच असं धरून चालणारे आम्हीच.

आणखी एक कबुली. माझं दुरुस्त केलेलं फंक्शनसुद्धा `avayav(1)` ला `[1]` देतं. १ तर मूळ नाही.

जुना_खडू
म्हणून विधानात "१ पेक्षा मोठी" आहे.

गणितवेडी_अजनी
किंवा १ म्हणजे शून्य मूळ संख्यांचा गुणाकार, रिकामी यादी `[]`. मग विधान १ पासून सुरू करता येतं. मला हे जास्त आवडतं.

जुना_खडू
तुम्हाला रिकामं फार आवडतं. पहिल्या वर्षाला नको.

हिंगणा_एमआयडीसी
सर, एक विचारू? "स्ट्राँग" म्हणजे साध्या इंडक्शनपेक्षा जास्त ताकद लागते का? म्हणजे आपण जास्त गृहीत धरतोय, ती फुकटची सवलत नाही झाली का? कुठून आणली ही परवानगी?

जुना_खडू
हा प्रश्न विचारलात यावर तुमची मघाची चूक माफ. फुकट काही नाही. विधान बदला. "k फुटते" असं विधान न घेता "२ पासून k पर्यंत सगळ्या फुटतात" हेच विधान घ्या, त्याला Q(k) म्हणू. आता यावर साधं इंडक्शन लावा. Q(२) खरं. Q(k) खरं धरलं तर Q(k + १) साठी काय हवं? २ ते k सगळ्या फुटतात, ते Q(k) नेच दिलं. उरली एकटी k + १, ती वर दाखवली. म्हणजे साध्याच इंडक्शनने काम झालं, फक्त खांद्यावर ओझं जास्त घेऊन चाललो. ताईंच्या भाषेत, मागची पानं आपणच एकेक करून लिहीत आलो आहोत. ती उघडायला कोणाची परवानगी लागत नाही, "उघडी आहेत" असं लिहावं मात्र लागतं.

ज्यांना इंडक्शन नावाचीच ॲलर्जी आहे त्यांनी उलटं जावं. समजा काही संख्या फुटत नाहीत. त्यांच्यातली सगळ्यात लहान पकडा. ती मूळ नाही, कारण मूळ असती तर स्वतःच एका मूळ संख्येचा गुणाकार झाली असती. मग ती a × b, दोघंही तिच्याहून लहान. लहान आहेत म्हणजे अपराध्यांच्या यादीत नाहीत, म्हणजे फुटतात. मग तीही फुटली. विसंगती. युक्लिडच्या सातव्या पुस्तकातला ३१वा सिद्धांत याच चालीचा आहे. तो फक्त एवढं म्हणतो की प्रत्येक संयुक्त संख्येला कोणीतरी मूळ संख्या भागते, आणि कारण देतो की नाहीतर एकाहून एक लहान भाजकांची न संपणारी रांग लागेल, जे संख्यांत अशक्य. पूर्ण फोड एकमेव आहे हे नीट मांडून सिद्ध व्हायला १८०१ मध्ये गाउस यावा लागला.

त्रिमूर्तीनगरची_ताई
लेकीने रात्री बसून पुन्हा लिहिलं. तीच टाइप करते आहे:

"नमस्कार. विधान: २ किंवा त्याहून मोठी प्रत्येक पूर्णांक संख्या एक किंवा अधिक मूळ संख्यांचा गुणाकार आहे. n = २ साठी खरं, कारण २ मूळ आहे. k ही २ किंवा त्याहून मोठी असू दे, आणि २ ते k मधल्या प्रत्येक संख्येसाठी विधान खरं आहे असं धरू. k + १ मूळ असेल तर ती एकाच मूळ संख्येचा गुणाकार आहे. मूळ नसेल तर तिला असा भाजक a आहे की १ < a < k + १. b = (k + १) ÷ a घेऊ, मग १ < b < k + १. म्हणजे a आणि b दोन्ही २ ते k मध्ये येतात. गृहीतकानुसार दोन्ही मूळ संख्यांचे गुणाकार आहेत. दोन्ही याद्या एकत्र लिहिल्या की k + १ ची यादी मिळते. म्हणून k + १ साठीही खरं."

आता पाच मिळतील का? आणि सर, पहिल्या उत्तराला खरंच दोनच का? मला a, b माहीत होते, फक्त लिहायचं राहिलं.

जुना_खडू
बेटा, याला पाच. "एक किंवा अधिक" लिहिलंस ते विशेष आवडलं. पहिल्याला मी तीन दिले असते, दोन जरा कडक आहेत. पण "माहीत होतं, लिहायचं राहिलं" हे मला पटत नाही. ४४००११ च्या वेळी तुला वाटलं असतं का की ४४००१० उपयोगाला येणार आहे?

गणितवेडी_अजनी
मी चार दिले असते. कल्पना तिची होती, a आणि b कडे तीच वळली. गृहीतकाचं वाक्य वर्गात फळ्यावर "समजा k साठी खरं" असंच छापील येतं, तिने ते उतरवलं. सर, दोष फळ्याचा आहे.

जुना_खडू
फळ्यावर खडू माझाच होता, हे लक्षात आहे ना?

हिंगणा_एमआयडीसी
मी आता दोनवर आलोय. नाण्यांच्या गणितामुळे मला स्वतःला किती मिळाले होते ते सांगत नाही.

काटोलचा_बागवाला
सगळ्यांचं झालं असन तर माझं सांगा ना. ११३ चं काय करू? इकडे पेटी उघडी पडून आहे.

सीताबर्डी_कोडर
काका, या सिद्धतेतून ओळखायची युक्ती निघत नाही, ती फक्त म्हणते की फोड आहे, कुठे आहे ते सांगत नाही. तुमच्या पेटीपुरतं: २, ३, ५, ७ ने भागून पाहा. पुढची मूळ संख्या ११, तिचा वर्ग १२१, म्हणजे ११३ च्या बाहेर. चारपैकी एकानेही जात नाही, म्हणजे ११३ मूळ. ओळी बसणार नाहीत.

गणितवेडी_अजनी
काका, एक संत्रं काढून खाऊन टाका. ११२ = १४ × ८.

काटोलचा_बागवाला
खाल्लं. गोड होतं. बसली पेटी.